पंचविसाव्या वर्षी आजोबा

बाराव्या शतकात फरगाना खोऱ्यातल्या, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानातल्या, बुरहानुद्दीन मर्गीनानी नावाच्या विद्वानाने ‘हिदाया’ हा हनफी पंथाच्या फिक्हचा, म्हणजे धर्मकायद्याचा, ग्रंथ लिहिला. लेखक 1197 साली वारला. ग्रंथ मात्र मध्य आशियातून तुर्कस्तानपर्यंत आणि इकडे हिंदुस्थानापर्यंत मदरशांत शिकवला गेला. चार्ल्स हॅमिल्टनने फारसीवरून केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर 1791 साली छापले गेले आणि इथल्या कंपनीच्या न्यायालयांत इंग्रज न्यायाधीश त्याची पाने उलटू लागले. या भल्यामोठ्या ग्रंथात ‘हज्र’वर एक लहानसे प्रकरण आहे. हज्र म्हणजे माणसाच्या व्यवहारावर घातलेला प्रतिबंध. माणूस कधी मोठा होतो, आणि मोठा झाला म्हणजे नेमके काय होते, याचा इतका बारीक आणि इतका जिवंत विचार कायद्याच्या पुस्तकात मला क्वचितच भेटला आहे.

प्रकरणाची सुरुवात कोरडी आहे. प्रतिबंधाची कारणे तीन : अज्ञानपण, गुलामी आणि वेड. पोर, गुलाम आणि वेडा यांना एका ओळीत बसवलेले पाहून आजचा वाचक दचकतो, आणि दचकावेच. लेखकाला मात्र त्यात काही वावगे दिसत नाही. त्याच्या जगात बाजार आहे तसा गुलामही आहे. पण लगेच तो एक भेद करतो आणि प्रकरणाला खरी गती तिथे येते. हा प्रतिबंध बोलण्यावर आहे, करण्यावर नाही. मुलाने ‘विकले’ म्हटले, ‘कर्ज घेतले’ म्हणून कबुली दिली, ‘दान केले’ म्हटले, तर त्या शब्दांना कायद्यात वजन नाही. पण त्याच मुलाने शेजाऱ्याचा रांजण फोडला तर भरपाई त्याच्या मालमत्तेतून द्यावीच लागेल.

असे का? मर्गीनानीचे उत्तर साधे आहे. शब्दाला अस्तित्व येते ते कायद्याने मानल्यामुळे, आणि मानायचे तर त्यामागे समजून घेतलेला हेतू हवा. फुटलेला रांजण मात्र कुणी मानो न मानो, फुटलेलाच असतो. मग तो दोन उदाहरणे देतो. झोपेत कूस बदलताना माणूस कुणाच्या वस्तूवर पडला आणि ती मोडली. किंवा घराची भिंत रस्त्यावर कलली आहे, साक्षीदारांसमोर मालकाला तसे बजावले आहे, तरी त्याने ती पाडली नाही आणि ती कोसळली. दोन्हीकडे नुकसान करण्याचा हेतू नाही, तरी भरपाई आहे. निजलेला माणूस आणि कललेली भिंत यांच्या रांगेत पोराला बसवून लेखक एका दमात दाखवतो, की पोराचा दोष आणि पोराकडून झालेले नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षा दोषाला असते, भरपाई नुकसानीला.

आता शब्दांकडे येऊ. मुलाच्या शब्दाला वजन नाही म्हणताना हनफी फकीह, म्हणजे कायदेपंडित, तिथेच थांबत नाहीत. समजा, दहा वर्षांच्या एका पोरक्या मुलाकडे वडिलांची जर्दाळूची बाग आली आहे आणि चुलता पालक आहे. मुलाने बागेतली दोन टोपल्या जर्दाळू बाजारात नेऊन विकली. हा व्यवहार रद्दही नाही आणि पक्काही नाही. तो लटकलेला आहे. चुलता येऊन पाहील. भाव बरा मिळाला असेल तर मान्य करेल, मुलगा फसला असेल तर मोडेल. अट एकच, की मुलाला विक्री म्हणजे काय हे कळले पाहिजे. ते कळले की नाही हे ओळखायची कसोटीही ठरलेली आहे : विकले की वस्तू हातची जाते आणि घेतले की हाती येते एवढे त्याला उमगते का, आणि थोडेसे ठकणे व सपशेल ठकणे यांतला फरक त्याला दिसतो का? ही समज सर्वसाधारणपणे सातव्या वर्षापासून धरतात. त्याच मुलाला कुणी भेट दिली तर ती त्याने परस्पर घ्यावी, पालकाला विचारायचे कारण नाही, कारण त्यात निव्वळ फायदा आहे. उलट त्याने बाग कुणाला दान केली तर चुलत्याने होकार दिला तरी ते दान होत नाही, कारण त्यात निव्वळ तोटा आहे. विक्री या दोहोंच्या मध्ये पडते, म्हणून तीच तेवढी लटकते.

हे लटकणे मला फार शहाणपणाचे वाटते. आपल्याकडे 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात अज्ञानाचा करार मुळातच शून्य ठरवला आणि ते सूत्र अजून चालू आहे. संरक्षण म्हणून ते भक्कम आहे, पण त्यात मुलाने व्यवहार शिकायचा कसा याला जागा नाही. कुराणातल्या चौथ्या सूऱ्यात पोरक्यांची मालमत्ता सांभाळणाऱ्यांना आदेश आहे, की मुले विवाहयोग्य होईपर्यंत त्यांची परीक्षा घेत राहा आणि त्यांच्यात शहाणपण दिसले की मालमत्ता त्यांच्या हवाली करा, तीही साक्षीदारांसमोर. मुले मोठी होतील या धास्तीने घाईघाईने खाऊन टाकू नका. परीक्षा घ्यायची तर मुलाच्या हाती काही तरी दिले पाहिजे. हनफी म्हणतात, थोडे भांडवल द्या आणि व्यापाराची परवानगी द्या. शाफिई पंथाला हे मान्य नाही. तिथे मुलाने फक्त घासाघीस करून दाखवायची, सौदा पक्का करायचा तो पालकाने. दोन्ही बाजू एकाच आयतीवर उभ्या आहेत.

त्याच आयतीत दोन वेगळ्या अटी शेजारी शेजारी आहेत हे फकीहांच्या नजरेतून सुटले नाही. शरीर वयात येणे ही एक, आणि पैशाची समज येणे ही दुसरी. पहिलीला ते बुलूग म्हणतात, दुसरीला रुश्द. नमाज, रोजा, हज, गुन्ह्याची जबाबदारी या सगळ्यांना पहिली पुरते. शरीर वयात आले आणि डोके ठिकाणावर असले, की माणूस देवापुढे उत्तरदायी झाला. मालमत्ता हाती यायला मात्र दुसरीही लागते. म्हणजे एखादा मुलगा सकाळच्या नमाजाला पूर्ण जबाबदार आणि दुपारी स्वतःच्या बागेचा ताबा मागायला अपात्र, असे घडू शकते.

बुलूगचा भाग या प्रकरणात एका पोटविभागात आटोपशीर आला आहे. मुलाचे वीर्यस्खलन झाले किंवा त्याच्यापासून कुणाला दिवस गेले, मुलीला पाळी आली किंवा दिवस राहिले, की बुलूग झाले. खुणाच दिसल्या नाहीत तर वर्षे मोजायची. पंथाचे संस्थापक अबू हनीफा यांच्या मते मुलाला पुरी अठरा, मुलीला सतरा. त्यांचे दोन मोठे शिष्य, अबू यूसुफ आणि मुहंमद अश-शैबानी, दोघांनाही पंधरा म्हणतात आणि शाफिईही तेच म्हणतात. पंधराच्या मागे एक हकीकत आहे. इब्न उमर चौदा वर्षांचे असताना उहुदच्या लढाईसाठी पैगंबरांपुढे गेले तेव्हा त्यांना परत पाठवले गेले. खंदकाच्या लढाईच्या वेळी ते पंधराचे होते, तेव्हा घेतले गेले. पुढे खलिफा उमर इब्न अब्दुल अझीझ यांनी ही हकीकत ऐकली आणि लहान-मोठ्यांतली सीमा हीच, असे अंमलदारांना लिहून कळवले.

मुलीला एक वर्ष कमी का, याचे मर्गीनानीने दिलेले कारण वाचून मी पान मिटून थोडा वेळ बसलो. मुली लवकर वाढतात, हे तर कोणीही सांगेल. पण मग एकच वर्ष का, सहा महिने का नाहीत? तर वर्षात चारही ऋतू येतात आणि त्यांतला एखादा तरी त्या शरीराच्या प्रकृतीला मानवतोच, म्हणून. शास्त्र म्हणून आज हे टिकणार नाही. पण एका आकड्याचे समर्थन करताना माणूस आकाशाकडे आणि अंगणाकडे बघतो, हे कायद्याच्या गद्यात दुर्मीळ आहे.

याच विभागात शेवटी एक नियम आहे. वयात येण्याच्या उंबरठ्यावरचा मुलगा किंवा मुलगी, जिच्याबद्दल बाहेरून काही ठरवता येत नाही, ती ‘मी मोठी झाले’ असे म्हणाली, तर तिचा शब्द खरा मानायचा. आधीच्या पानांवर जिच्या शब्दाला कवडीचे वजन नव्हते, तिच्या या एका शब्दाने सगळे कायदे लागू होतात. कारण ही गोष्ट तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळण्याजोगी नाही. फक्त ते शक्य असलेल्या वयात हवे : मुलासाठी बारा, मुलीसाठी नऊ.

प्रकरणाचा गाभा मात्र पुढच्या वादात आहे. मुलगा वयात आला, डोके ठीक आहे, पण पैसा उधळतो. त्याच्यावर प्रतिबंध घालावा का? अबू यूसुफ आणि मुहंमद म्हणतात, घालावा, आणि शहाणपण दिसेपर्यंत, मग कितीही वर्षे जावोत, मालमत्ता देऊ नये. युक्तिवाद सरळ आहे : पोराला आपण केवळ उधळेल या शंकेवरून अडवतो, इथे तर उधळपट्टी डोळ्यांसमोर आहे. अबू हनीफा एकटे विरोधात उभे राहतात. प्रौढ, शहाण्या, स्वतंत्र माणसावर प्रतिबंध नाही म्हणजे नाही. त्याने आपला माल समुद्रात फेकला किंवा आगीत घातला तरी नाही. त्यांचे कारण असे, की माणसाचा स्वतःच्या गोष्टींवरचा अधिकार काढून घेणे म्हणजे त्याची माणुसकी रद्द करून त्याला जनावरांत नेऊन बांधणे. ते नुकसान पैशाच्या नुकसानीपेक्षा मोठे आहे, आणि लहान नुकसान टाळायला मोठे करू नये. आठव्या शतकातल्या कूफ्यात हा विचार झाला, हे विसरून चालत नाही. आणि त्याच प्रकरणात गुलामाला मात्र प्रतिबंधाखालीच ठेवले आहे, हेही.

या हट्टाला अबू हनीफा तीन अपवाद मान्य करतात आणि ते तिन्ही मजेदार आहेत. अडाणी वैद्य, निलाजरा मुफ्ती आणि दिवाळखोर भाडोत्री, म्हणजे उंट-खेचरे भाड्याने देण्याचे पैसे घेतो पण ज्याच्याकडे जनावरेच नाहीत तो. पहिला शरीर बिघडवतो, दुसरा धर्म, तिसरा लोकांचे पैसे. त्यांना धंद्यापासून रोखायचे, कारण त्यांचा मूर्खपणा त्यांच्यापुरता राहत नाही. स्वतःचे घर जाळायची मुभा आहे, दुसऱ्याचे नाही.

पण मग कुराणातल्या त्या दुसऱ्या अटीचे काय? शहाणपण दिसल्याखेरीज देऊ नका, असे तिथे स्पष्ट आहे. अबू हनीफा एक तडजोड काढतात आणि तिथे एक विलक्षण आकडा येतो. वयात आलेला पण उधळ्या मुलगा असेल तर मालमत्ता पंचविसाव्या वर्षापर्यंत अडकवून ठेवा. पंचवीस झाली की शहाणपण दिसो न दिसो, देऊन टाका. मधल्या काळात त्याने ती विकली तर विक्री मात्र चालेल, कारण त्याचा शब्द आता प्रौढाचा आहे. ताबा तेवढा पालकाकडे. हा ताबा ठेवायचा तो वळण लावण्यासाठी, आणि पंचविशीनंतर वळण लागत नाही. मग मर्गीनानी पुरावा देतो : या वयात तर माणूस आजोबा होऊ शकतो! भाष्यकारांनी हिशेबही मांडून ठेवला आहे. मुलगा लवकरात लवकर बाराव्या वर्षी वयात येतो, गर्भाचा किमान काळ सहा महिने. म्हणजे साडेबाराव्या वर्षी बाप. त्याचा मुलगाही असाच. म्हणजे पंचविसाव्या वर्षी आजोबा. ज्याला नातू आहे त्याला शिस्त लावायला निघणे हास्यास्पद, हा मुद्दा.

हा हिशेब वाचून हसू येते, पण त्यातली चलाखी बघा. पंचविशीला तर्काने सिद्ध करता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून लेखक सिद्ध करण्याऐवजी अशी एक व्यक्ती समोर उभी करतो, की तिच्यापुढे प्रतिपक्ष अवघडून जावा. मला वाटते, यात अबू हनीफांचा पेशाही डोकावतो. ते कूफ्यातले कापडाचे व्यापारी होते. बाजारात माणसाचा शब्द मोडीत काढणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असणार. अबू यूसुफ पुढे हारून अल-रशीदच्या राज्यात मुख्य काजी झाले, आणि प्रतिबंध काजीच्या हुकमानेच लागू होतो असे तेच म्हणतात. मुहंमद म्हणतात, उधळेपणा सुरू झाला तेव्हाच प्रतिबंध लागला, हुकूम असो वा नसो. व्यापाऱ्याला माणसाची पत दिसते, काजीला हुकूम. नंतरच्या हनफींनी फतव्यासाठी शिष्यांचे मत घेतले, एकोणिसाव्या शतकातल्या ‘मजल्ला’ या उस्मानी कायदेसंहितेनेही तेच घेतले. गुरू हरले, असेच म्हणावे लागेल. पण प्रकरणातले सगळ्यात चांगले गद्य त्यांच्या बाजूला आहे.

शिष्यांचा मार्ग धरला तरी पेच संपत नाहीत, आणि पुढची पाने त्या पेचांची आहेत. उधळ्यावर प्रतिबंध आहे, पण तो प्रौढ मुसलमान आहे, म्हणजे त्याच्यावर जकात आहे. जकात काजीने परस्पर दिली तर? चालणार नाही, कारण ती उपासना आहे आणि उपासनेला देणाऱ्याची नियत लागते. उधळ्याच्या हातात दिली तर? तो वाटेतच उडवेल. मर्गीनानीचा तोडगा असा, की काजीने जकातीची रक्कम त्याच्याच हातात द्यावी, त्यानेच ती गरिबाला द्यावी, पण सोबत एक विश्वासू माणूस पाठवावा. हजला निघाला तर अडवू नये, पण वाटखर्च त्याच्याकडे न देता बरोबरच्या भरवशाच्या यात्रेकरूकडे द्यावा. शपथ मोडली तर प्रायश्चित्त म्हणून दान नको, रोजे धरावेत. नाहीतर रोज शपथ मोडून प्रायश्चित्ताच्या नावाखाली सगळे उडवायची वाट मोकळी होईल. उपासना त्याची, पैसाही त्याचाच, फक्त दोन्हींच्या मध्ये एक माणूस चालतो.

लग्न त्याला करता येते, कारण ती जगण्याची गरज आहे. मेहेर मात्र त्या कुळातल्या बायकांना मिळतो तेवढाच मान्य, वरचा आकडा रद्द. चार बायका केल्या, किंवा रोज एक केली आणि सोडली, तरी हाच नियम, असे लेखक शांतपणे नोंदवतो. असा कुणी इसम त्याच्या डोळ्यांसमोर असावा, अशी शंका येते. आणि पापी माणसाचे काय? हनफी म्हणतात, तो पैसा नीट सांभाळत असेल तर त्याच्यावर प्रतिबंध नाही. रुश्द म्हणजे पैशाचे शहाणपण, चारित्र्याचा दाखला नव्हे. शाफिईंना इथे धर्माचरणही हवे. मला हनफींची बाजू बरी वाटते; नाहीतर कुणाच्या पापाचा हिशेब करायला काजी तिजोरीची किल्ली घेऊन बसेल.

उपासनेत लहान मुलाचे काय, ही गोष्ट ग्रंथाच्या इतर प्रकरणांत विखुरली आहे. सातव्या वर्षी नमाज शिकवायचा, दहाव्या वर्षी न पढल्यास मारायचे. पण फर्ज नाही, सवय. मुहंमद अश-शैबानींची एक गोष्ट हनफी परंपरेत सांगतात. पोरवयात ते अबू हनीफांकडे आले आणि विचारले, की मुलाने रात्रीचा नमाज पढला आणि त्याच रात्री तो वयात आला, तर पुन्हा पढायचा का? हो, म्हणाले. मुलगा उठला, मशिदीच्या कोपऱ्यात गेला आणि पढून आला. तो नमाज मुलाने पढला होता. आता त्याच वेळेचा नमाज मोठ्यावर लागू झाला होता. हजबाबतही असेच. मुलाने इहराम बांधला, वाटेत वयात आला आणि तसाच पुढे गेला, तर ते हज त्याचे फर्ज हज ठरत नाही. पण अरफातच्या मैदानावर थांबण्याआधी त्याने इहराम नव्याने बांधला तर ठरते. आधीचा इहराम लहानाचा, म्हणून बंधनकारक नव्हता; सोडता येत होता.

लग्नाच्या प्रकरणात या सगळ्या नाजूकपणाला तडा जातो. लहान मुलामुलींचे लग्न पालकाने लावले तर ते हनफींच्या मते होते. भाऊ किंवा चुलता अशा कुणी लावले असेल तर वयात आल्यावर मुलाला किंवा मुलीला ते मोडण्याचा हक्क आहे, काजीपुढे जाऊन. बाप किंवा आजोबांनी लावले असेल तर हा हक्क नाही, कारण त्यांची समज पुरी आणि माया उदंड, असे गृहीत. त्यात पुन्हा, कुमारी मुलीने लग्न झाल्याचे कळल्यावर गप्प बसणे म्हणजे संमती. मुलाने मात्र बोलून किंवा वागण्यातून मान्य केल्याखेरीज त्याचा हक्क जात नाही. मला हा हक्कच ठाऊक नव्हता, असे ती म्हणाली तर? मर्गीनानी म्हणतो, ऐकून घेऊ नये. स्वतंत्र मुलीला कायदा शिकायला सवड असते आणि इस्लामी मुलुखात ज्ञानाची वानवा नाही. बागेच्या विक्रीत फसलेल्या पोराला ज्याने इतका अवधी दिला, तो इथे मुलीला क्षणभरही देत नाही. त्याच पंथात प्रौढ मुलगी पालकाशिवाय स्वतःचे लग्न स्वतः करू शकते, हे खरे. पण ती प्रौढ होण्याआधीच लग्न उरकले तर त्या स्वातंत्र्याला हात घालायला जागाच उरत नाही.

याला आक्षेप घेणारे तेव्हाही होते. इब्न शुब्रुमा आणि अबू बक्र अल-असम्म यांनी अज्ञानांचे लग्नच अमान्य केले. ‘विवाहयोग्य होईपर्यंत’ असे पोरक्यांच्या मालमत्तेच्या त्या आयतीत आहे. त्याआधीही लग्न होत असेल तर त्या शब्दांना अर्थ काय, असा त्यांचा सवाल होता. शतकानुशतके ही दोन नावे पराभूत मत म्हणून नोंदली गेली. 1917 साली उस्मानी कुटुंब कायद्याने त्यांनाच पुढे आणले. बारा वर्षांखालचा मुलगा आणि नऊ वर्षांखालची मुलगी यांचे लग्न कुणालाही लावता येणार नाही, आणि स्वतःहून लग्नाला वय अठरा आणि सतरा. म्हणजे अबू हनीफांचेच, चार ऋतूंचे, आकडे.

हिंदुस्थानात 1875 च्या सज्ञानता कायद्याने सर्वसाधारणपणे अठरा हे वय ठरवले, पण लग्न, मेहेर, घटस्फोट, दत्तक आणि धर्माचार यांना त्यातून वगळले. त्यामुळे फकीहांनी पाडलेली फूट इंग्रजी कायद्यातही शिल्लक राहिली : बाग विकायला अठरा, निकाहला बुलूग, आणि खुणांचा पुरावा नसेल तर शिष्यांचे पंधरा. मुंबईचे दिनशा मुल्ला यांच्या मुस्लिम कायद्यावरच्या पुस्तकातून हे पंधरा इथल्या न्यायालयांत रुळले. 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने एक गोष्ट बदलली. पंधरा वर्षांची होण्याआधी जिचे लग्न लावले गेले, ती अठरा पुरी होण्याआधी ते नाकारू शकते, संबंध आला नसेल तर. आणि लग्न लावणारा बाप असो वा दुसरा पालक, फरक पडत नाही. बापाची माया उदंड असते हे गृहीतक त्या कलमाने काढून टाकले आणि गप्प बसणाऱ्या मुलीला काही वर्षांचा अवधी दिला.